दर कमी करून मागताना आकडा हॉटेलच्याच दरांतून काढा

वाचकाचे पत्र

गेल्या महिन्यात घरच्या लग्नासाठी नागपूरहून आलेल्या मावशी-काकांकरिता मी सोलापूर स्टेशनजवळच्या एका हॉटेलात ॲपवरून तीन रात्रींसाठी डिलक्स खोली घेतली होती. ॲपवरच्या माहितीत मोठी खिडकी, किंग साइझ पलंग, २४० चौरस फूट आणि लिफ्ट असे सगळे लिहिले होते, फोटोही तसेच होते. प्रत्यक्षात दुसऱ्या मजल्यावरची कोंदट खोली मिळाली. खिडकी डक्टमध्ये उघडत होती, दोन खाटा एकमेकींना जोडून ठेवल्या होत्या आणि लिफ्ट बंद होती. काकांच्या गुडघ्याचे ऑपरेशन झालेले आहे. मी त्याच संध्याकाळी काउंटरवर तक्रार केली, तर "उद्या बघू" म्हणाले. लग्नसराईत दुसरीकडे कुठे खोली नव्हती, म्हणून त्यांना तिथेच राहावे लागले. ८,८२० रुपये मी आधीच यूपीआयने भरले होते. आता हॉटेलला ई-मेल करून पैसे परत मागायचे आहेत. मी लिहिलेला मसुदा आणि जवळ असलेले सगळे कागद सोबत पाठवले आहेत. हा मसुदा असाच पाठवू का?

– एक वाचक, जुळे सोलापूर

उत्तर

नमस्कार.

हा मसुदा असाच पाठवू नका. तुमचा राग रास्त आहे, परंतु मसुद्यात तुम्ही तीन रात्रींचे सगळेच्या सगळे पैसे परत मागितले आहेत, आणि पाहुणे तीनही रात्री त्याच खोलीत राहिले असल्यामुळे ही मागणी नाकारणे हॉटेलला अगदी सोपे जाईल. पूर्ण रकमेची मागणी नाकारता नाकारता ते तुमची मूळ तक्रारही बाजूला सारतील. तुमची बाजू मसुद्यात दिसते त्यापेक्षा कितीतरी भक्कम आहे, आणि ती ज्या कागदावर उभी आहे त्याचा तुमच्या मसुद्यात उल्लेखच नाही.

तो कागद म्हणजे निघताना काउंटरवर मिळालेले बिल. तुम्ही पाठवलेल्या प्रतीत खोली क्रमांक २०४ समोर, खोलीच्या प्रकाराच्या रकान्यात बारीक अक्षरांत 'एसटीडी' असे छापलेले आहे. 'एसटीडी' म्हणजे स्टँडर्ड. बुकिंग झाल्यावर ॲपने पाठवलेल्या व्हाउचरवर मात्र 'डिलक्स डबल' असे स्पष्ट लिहिलेले आहे आणि बिलातला दरही डिलक्सचाच, म्हणजे रात्रीला २,८०० रुपये, लावलेला आहे. हॉटेलांच्या बिलिंगच्या संगणकात बहुधा प्रत्येक खोली क्रमांकाला तिचा प्रकार कायमचा जोडून ठेवलेला असतो, त्यामुळे काउंटरवरच्या माणसाने तोंडाने काहीही सांगितले तरी बिल छापताना खोलीचा खरा प्रकार आपोआप उमटतो. म्हणजेच डिलक्सचे पैसे घेऊन स्टँडर्ड खोली दिली, हे हॉटेलने स्वतःच्याच कागदावर लिहून दिलेले आहे. यापुढे फोटोत खोली कशी दिसत होती आणि प्रत्यक्षात कशी होती, या वादात फार खोल शिरण्याची तुम्हाला गरजच उरत नाही.

असे का घडते, तेही सांगतो. सोलापुरात उतरणारी मंडळी केवळ शहरातल्या कामासाठी येत नाहीत. तुळजापूर, अक्कलकोट आणि पंढरपूर या तिन्ही ठिकाणी जाणारे अनेक जण इथेच मुक्काम ठोकतात, त्यात लग्नाच्या तिथी आल्या किंवा जानेवारीत गड्ड्याची यात्रा भरली की खोल्या मिळेनाशा होतात. अशा वेळी ॲपवरून एका प्रकारच्या जितक्या खोल्या आहेत त्यापेक्षा जास्त बुकिंग घेतले जाते, किंवा आधीचा पाहुणा मुक्काम वाढवतो, आणि मग उशिरा पोहोचलेल्याला जी खोली रिकामी असेल ती दिली जाते. खालच्या प्रकारची खोली नाइलाजाने द्यावी लागणे मी समजू शकतो. परंतु तशी खोली देताना पाहुण्याला ते सांगायला हवे आणि दरातला फरक तिथल्या तिथे परत करायला हवा. यातले एकही न करता वरच्या दराचे बिल हातात ठेवणे मला मुळीच मान्य नाही, आणि म्हणूनच तुम्ही हा ई-मेल अवश्य पाठवावा असे माझे मत आहे.

आता फोटोंविषयी. ॲपवर हॉटेलच्या पानाच्या वरच्या बाजूला जे फोटो असतात ते बहुतेकदा संपूर्ण हॉटेलचे असतात, त्यात लॉबी, रेस्टॉरंट आणि सर्वांत चांगली एखादी खोली असते. त्या फोटोंवर तक्रार उभी केली तर "ते दुसऱ्या खोलीचे आहेत" हे उत्तर ठरलेले असते. याउलट खोलीच्या प्रकाराच्या नावावर बोट टेकवल्यावर जे फोटो उघडतात ते त्याच प्रकारचे म्हणून दाखवलेले असतात, आणि त्यांच्याबाबत हॉटेलला असे हात झटकता येत नाहीत. तुम्ही बुकिंगच्या दिवशी घेतलेल्या स्क्रीनशॉटपैकी दोन असे, डिलक्स खोलीखालचे आहेत, तेवढेच जोडा. तरीसुद्धा ध्यानात ठेवा, की वाइड अँगल लेन्सने काढलेल्या फोटोत दहा फुटांची भिंत पंधरा फुटांची वाटते आणि दिवे लावून काढलेला फोटो नेहमीच उजळ दिसतो. 'फोटोत खोली प्रशस्त वाटत होती' या वाक्याला काही वजन येत नाही. वजन येते ते ॲपवर शब्दांत लिहिलेल्या गोष्टींना: पलंग कोणता, खिडकी आहे की नाही, क्षेत्रफळ किती, लिफ्ट आहे की नाही.

यातला पलंगाचा मुद्दा निर्विवाद आहे. तुमच्या फोटोत दोन वेगळ्या खाटांच्या दोन वेगळ्या गाद्या आणि मधली फट स्वच्छ दिसते, तर व्हाउचरवर 'एक किंग साइझ पलंग' असे लिहिलेले आहे. खिडकीचे थोडे जपून लिहायला हवे. खिडकी नव्हती असे म्हणू नका, कारण ती होती. ती बाहेर न उघडता डक्टमध्ये उघडत होती, ॲपवर दाखवलेली मोठी खिडकी मात्र रस्त्याच्या बाजूची आहे, एवढेच लिहा. तक्रारीतला एक शब्द जरी चुकीचा निघाला तरी समोरचा माणूस त्या एका शब्दाला धरून बसतो आणि बाकीचे खरे असूनही बोलणे भरकटते.

क्षेत्रफळाबाबत तुम्ही मसुद्यात 'खोली निम्मीसुद्धा नव्हती' असे लिहिले आहे, ते काढून टाका. तुमच्याच फोटोवरून मोजून पाहू. जमिनीवरच्या फरशा नेहमीच्या दोन फूट बाय दोन फुटांच्या दिसतात. रुंदीला सहा आणि लांबीला सात फरशा मोजता येतात, म्हणजे खोली बारा फूट बाय चौदा फूट, १६८ चौरस फूट झाली. परंतु हॉटेले खोलीचे क्षेत्रफळ सांगताना बहुतेक वेळा बाथरूम धरूनच सांगतात. तुम्ही बाथरूम अंदाजे पाच फूट बाय आठ फूट असल्याचे कळवले आहे, ते ४० चौरस फूट मिळवल्यावर बेरीज २०८ होते. २४० पेक्षा हे कमीच आहे, पण निम्मे नव्हे, आणि भिंतींची जाडी वगैरे सांगून हॉटेल हा फरक आणखी लहान करून दाखवू शकेल. म्हणून क्षेत्रफळाचा मुद्दा या ई-मेलमध्ये घेऊ नये असा माझा सल्ला आहे. हाताशी ठोस मुद्दा असताना त्याच्या शेजारी डळमळीत मुद्दा ठेवला, की उत्तर नेमके डळमळीत मुद्द्याचे येते.

लिफ्टचा मुद्दा मात्र नक्की घ्या. काकांना दिवसातून अनेकदा दोन जिने चढावे-उतरावे लागले, हा त्रास खोलीतल्या कोणत्याही उणिवेपेक्षा मोठा आहे. शिवाय बुकिंग करतानाच विशेष सूचनेच्या चौकटीत 'ज्येष्ठ पाहुणे, गुडघ्याची शस्त्रक्रिया, लिफ्ट आवश्यक' असे तुम्ही लिहिलेले व्हाउचरवर छापून आले आहे. म्हणजे हॉटेलला हे आधीपासून ठाऊक होते. तळमजल्यावरची खोली देणे किंवा लिफ्ट बंद असल्याचे आधी फोन करून कळवणे, यातले एक तरी त्यांनी करायलाच हवे होते. मात्र लिफ्ट नसल्याबद्दल किती रुपये, याचा आकडा हॉटेलच्या कोणत्याही दरात सापडणार नाही. आपण मनाने धरलेला आकडा या ई-मेलमध्ये घातला, तर हिशेबातून आलेल्या दुसऱ्या आकड्याचाही भरवसा कमी होतो. त्यामुळे घटना पूर्ण लिहा, त्यासाठी आत्ता रक्कम मागू नका आणि तो हक्क राखून ठेवत असल्याचे नमूद करा.

आता मुख्य प्रश्न असा, की किती रुपये मागायचे? 'योग्य ती भरपाई द्यावी' असे लिहिले की पुढच्या मुक्कामाला दहा टक्के सवलतीचे कूपन येते. आकडा तुम्ही सांगायला हवा, आणि तो त्यांच्याच दरांतून निघालेला असावा. लग्नाच्या दिवसांत त्याच हॉटेलातली स्टँडर्ड खोली किती रुपयांना होती हे आता दिसणार नाही, पण दोन प्रकारांमधले प्रमाण दिसते. तुम्ही पाठवलेल्या ताज्या स्क्रीनशॉटमध्ये त्याच ॲपवर, एकाच तारखेला, डिलक्स खोली २,४०० रुपये आणि स्टँडर्ड खोली १,८०० रुपये अशी आहे. म्हणजे हॉटेल स्वतःच स्टँडर्ड खोली डिलक्सपेक्षा २५ टक्क्यांनी स्वस्त ठरवते. तुम्ही भरलेल्या २,८०० रुपयांचे २५ टक्के म्हणजे ७०० रुपये, तीन रात्रींचे २,१०० रुपये. खोलीभाडे कमी झाले की त्यावरचा करही कमी व्हायला हवा. दिवसाला ७,५०० रुपयांपर्यंतच्या खोलीवर सध्या ५ टक्के जीएसटी आहे आणि तुमच्या बिलातही ८,४०० रुपयांवर ४२० रुपये तोच लावलेला आहे, म्हणून २,१०० रुपयांवरचे १०५ रुपये मिळवून मागणी २,२०५ रुपयांची होते. ही रक्कम तुमच्या मूळ मागणीच्या मानाने लहान वाटेल, पण हिच्यातला एकही रुपया तुमच्या मनाचा नाही, आणि व्यवस्थापकाला मालकासमोर हा कागद ठेवून सही घेता येईल. स्क्रीनशॉट एकाच तारखेचा पुरेसा नाही, आणखी एका शनिवार-रविवारचे दोन्ही दर टिपून ठेवा. तिथे प्रमाण थोडे वेगळे आले, तर जे कमी असेल ते धरा.

कागदपत्रांबाबत एकच गोष्ट सांगायची आहे. मावशींनी खोलीचे फोटो तुम्हाला व्हॉट्सॲपवर पाठवले, आणि व्हॉट्सॲपवरून नेहमीच्या पद्धतीने पाठवलेल्या फोटोतून तो कधी काढला याची आतली नोंद निघून जाते. मूळ फोटो अजून मावशींच्या फोनमध्ये असतील. ते त्यांना थेट ई-मेलने किंवा व्हॉट्सॲपवरच 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवायला सांगा, आणि तोपर्यंत फोनमधून पुसू नका म्हणावे. दाराबाहेरची २०४ क्रमांकाची पाटी आणि आतला पलंग यांचे फोटो पाठोपाठच्या मिनिटांचे आहेत हे त्या नोंदीवरून दाखवता येते, नाहीतर 'ही आमची खोलीच नव्हे' असे म्हणायला वाव राहतो. ॲपवरची डिलक्स खोलीची माहितीही आजच पुन्हा स्क्रीनशॉट काढून ठेवा, कारण तक्रार पोहोचल्यावर ती बदलली जाऊ शकते.

ई-मेल व्हाउचरवर छापलेल्या हॉटेलच्या पत्त्यावर पाठवा, काउंटरवरच्या मुलाच्या व्हॉट्सॲपवर नव्हे, आणि प्रत ॲपच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला द्या. ॲपला वगळू नका, कारण पैसे त्यांनी घेतले आहेत आणि परत करायचे झाले तरी बहुधा त्यांच्याच मार्फत होतील. बुकिंग ज्या ई-मेल पत्त्यावरून केले त्याच पत्त्यावरून लिहा. राहिले मावशी-काका आणि तक्रार करणारे तुम्ही, ही अडचण नाही. पैसे भरणारा आणि त्याच्या संमतीने सेवा घेणारा, दोघांनाही कायदा ग्राहकच मानतो. मसुदा मी असा करून देत आहे:

विषय: बुकिंग क्र. (…), खोली क्र. २०४, दि. ५ ते ८ डिसेंबर: डिलक्सऐवजी स्टँडर्ड खोली दिल्याबद्दल २,२०५ रुपये परत मिळण्याबाबत

मा. व्यवस्थापक,

वरील बुकिंग मी माझ्या मावशी व काकांसाठी केले होते. त्यासाठी खोलीभाडे ८,४०० रुपये व जीएसटी ४२० रुपये, असे एकूण ८,८२० रुपये मी यूपीआयद्वारे आगाऊ भरले आहेत.

व्हाउचरनुसार 'डिलक्स डबल' खोली व एक किंग साइझ पलंग देण्याचे ठरले होते. प्रत्यक्षात खोली क्र. २०४ देण्यात आली. या खोलीत दोन वेगळ्या खाटा जोडून ठेवलेल्या होत्या आणि खिडकी डक्टमध्ये उघडणारी होती, तर ॲपवर डिलक्स खोलीच्या माहितीत रस्त्याच्या बाजूची मोठी खिडकी दाखवलेली आहे. आपण दि. ८ डिसेंबर रोजी दिलेल्या बिलातही खोली क्र. २०४ चा प्रकार 'एसटीडी' असाच नोंदवलेला असून दर मात्र डिलक्सचा आकारलेला आहे.

आपल्या हॉटेलच्या सुविधांमध्ये लिफ्टचा उल्लेख आहे, आणि पाहुण्यांच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झालेली असल्याने लिफ्ट आवश्यक असल्याचे मी बुकिंग करतानाच कळवले होते. तीनही दिवस लिफ्ट बंद होती. याची पूर्वकल्पना देण्यात आली नाही व खालच्या मजल्यावरची खोलीही देण्यात आली नाही.

दि. ५ डिसेंबर रोजी सायंकाळी मी ही तक्रार आपल्या काउंटरवर प्रत्यक्ष येऊन केली. दुसऱ्या दिवशी पाहण्याचे आश्वासन मिळाले, परंतु मुक्काम संपेपर्यंत खोली बदलून मिळाली नाही.

ॲपवर आपल्या स्टँडर्ड खोलीचा दर डिलक्सपेक्षा २५ टक्क्यांनी कमी आहे. त्या प्रमाणात प्रतिरात्र ७०० रुपये, तीन रात्रींचे २,१०० रुपये व त्यावरील जीएसटी १०५ रुपये, असे एकूण २,२०५ रुपये मूळ यूपीआय खात्यावर परत करावेत, ही विनंती. ही रक्कम कूपन किंवा ॲपमधील वॉलेटच्या स्वरूपात स्वीकारली जाणार नाही. लिफ्टअभावी झालेल्या त्रासाबद्दल या ई-मेलमध्ये रक्कम मागितलेली नाही, मात्र त्याबाबतचा हक्क मी राखून ठेवत आहे.

आपला निर्णय हा ई-मेल मिळाल्यापासून दहा दिवसांत लेखी कळवावा.

सोबत: व्हाउचर, बिल, यूपीआयची पावती, डिलक्स खोलीच्या माहितीचे दोन स्क्रीनशॉट, दोन्ही प्रकारांच्या दरांचे स्क्रीनशॉट, खोलीचे चार फोटो.

आपला,
(नाव व मोबाइल क्रमांक)

तुमच्या मसुद्यातले काय गाळले ते तुमच्या लक्षात येईलच. चहा गार मिळाला आणि टॉवेल उशिरा आले, हे खरे असले तरी दराच्या फरकाशी त्याचा संबंध नाही. 'फसवणूक' हा शब्द मी जाणूनबुजून ठेवला नाही, कारण तो आला की समोरून हिशेबाचे उत्तर येण्याऐवजी इभ्रतीचे उत्तर येते. पैसे न दिल्यास सगळीकडे वाईट अभिप्राय टाकण्याची धमकी तर तुम्ही अजिबात देऊ नये. खरा अभिप्राय लिहिण्याचा तुम्हाला पूर्ण अधिकार आहे, तो वेगळा लिहा, पण त्याला पैशांशी बांधलेत तर पुढे कोणी हा ई-मेल वाचल्यावर तुमचीच बाजू उणी पडेल. एक गोष्ट मला तुमच्या पत्रावरून कळली नाही, ती म्हणजे दुसऱ्या दिवशी हॉटेलने दुसरी खोली देऊ केली होती का. देऊ केली असेल आणि सामान हलवण्याचा त्रास नको म्हणून मावशींनी नको म्हटले असेल, तर ते या ई-मेलमध्ये प्रामाणिकपणे लिहा आणि मागणी पहिल्या एका रात्रीच्या फरकापुरती, म्हणजे कर धरून ७३५ रुपयांपुरती, ठेवा.

उत्तरे साधारण तीन तऱ्हेची येतात. 'फोटो केवळ नमुन्यादाखल आहेत' असे उत्तर आल्यास, तुमची तक्रार खोलीच्या प्रकाराबद्दल आहे आणि तो प्रकार बिलावर छापलेला आहे, एवढेच एका ओळीत कळवा. 'आपण मुक्काम पूर्ण केला' असे आल्यास, मुक्कामाचे ७५ टक्के पैसे तुम्ही मागितलेलेच नाहीत, हे दाखवून द्या. तिसरे उत्तर म्हणजे 'आम्ही फक्त मध्यस्थ आहोत', आणि ते ॲपकडून येईल. तिथे २०२० च्या ई-कॉमर्स नियमांचा उल्लेख करा. या नियमांनुसार अशा ॲपला तक्रार निवारण अधिकारी नेमावा लागतो, त्याने ४८ तासांत तक्रारीची पोच द्यायची असते आणि तक्रार मिळाल्यापासून एक महिन्याच्या आत तिचे निवारण करायचे असते. त्याच नियमांत असेही आहे, की ॲपवरून सेवा विकणाऱ्याने दिलेली सेवा जाहिरात केल्याप्रमाणे किंवा ठरल्याप्रमाणे नसेल, तर त्याला पैसे परत करण्यास नकार देता येत नाही. हा शेवटचा मुद्दा हॉटेललाही लागू पडतो, पण पहिल्याच ई-मेलमध्ये कायदा आणू नये असे मला वाटते. दहा दिवस उत्तर आले नाही किंवा नकार आला, तर स्मरणपत्रात तो घाला आणि मूळ ई-मेल खाली तसाच राहू द्या, म्हणजे सगळा पत्रव्यवहार एकाच धाग्यात राहील.

स्मरणपत्रालाही दाद मिळाली नाही, तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. फोन मोफत आहे, तिथे मिळालेला तक्रार क्रमांक हॉटेल आणि ॲप दोघांनाही त्याच धाग्यात कळवा. हेल्पलाइन निकाल देत नाही, ती समोरच्याकडून उत्तर मागवते, आणि इतक्या रकमेचे वाद पुष्कळदा त्याच टप्प्यावर मिटतात. त्याच्या पुढची पायरी म्हणजे सोलापूरचा जिल्हा ग्राहक आयोग. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार तक्रारदार जिथे राहतो तिथे तक्रार दाखल करता येते. तुमच्या बाबतीत हॉटेलही इथलेच आहे. दिलेला मोबदला पाच लाख रुपयांपर्यंत असेल तर शुल्क लागत नाही, वकील सक्तीचा नाही, तक्रार e-jagriti.gov.in या संकेतस्थळावरून घरबसल्या दाखल करता येते आणि घटनेपासून दोन वर्षांची मुदत असते. तरीही तारखांना जाणारा वेळ पाहता केवळ २,२०५ रुपयांसाठी आयोगाकडे जावे असे मी म्हणणार नाही. जायचे ठरवलेत, तर लिफ्टचा राखून ठेवलेला मुद्दा तिथे मांडा, आणि त्यासाठी काकांच्या शस्त्रक्रियेचे कागद व त्या दिवसांत डॉक्टरांकडे जावे लागले असल्यास त्याची पावती आत्तापासूनच एका जागी ठेवा.

मधल्या काळात हॉटेलकडून तडजोडीचा फोन येण्याची शक्यता मोठी आहे. फोनवर हो किंवा नाही काहीच म्हणू नका, रक्कम ई-मेलवर कळवायला सांगा. दीड हजारावर मिटवू म्हणाले आणि तुम्हाला ते पटले, तर खुशाल मिटवा, पण 'पूर्ण व अंतिम तडजोड' असे लिहिलेल्या ई-मेलला होकार देण्याआधी पैसे खात्यावर जमा झाल्याची खात्री करून घ्या, कारण त्या होकारानंतर लिफ्टचा मुद्दाही संपतो.